फुईंचं घर : मराठवाड्यातल्या एका पारशी कुटुंबाची चार पिढ्यांची मोजदाद

आमच्या गल्लीत सगळे त्यांना फुई म्हणतात. लहानपणी मला ते त्यांचं नावच वाटायचं. पारशी गुजरातीत फुई म्हणजे आत्या, हे मला बरंच नंतर कळलं. मुंबईहून सुटीत येणारी त्यांची भाचरं त्यांना तशी हाक मारायची, ती ऐकून आम्ही मारू लागलो आणि मग आमच्या आया, दूधवाला, पोस्टमनही. आज त्या ७९ वर्षांच्या आहेत. धाकटा भाऊ ७२ वर्षांचा. दोघांचंही लग्न झालेलं नाही. मनमाड–काचीगुडा लाइनवरच्या आमच्या गावात आता ही दोनच पारशी माणसं उरली आहेत.

समाजशास्त्राच्या पेपरसाठी 'अत्यल्पसंख्य धर्मसमुदायाची घटती लोकसंख्या आणि ओळख टिकवण्याचे प्रयत्न' हा विषय घेतला, तेव्हा दुसरं प्रकरण शोधायची मला गरज पडली नाही. कुटुंबाच्या इच्छेनुसार गावाचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. नात्यांची मोजदाद मात्र त्यांनी सांगितली तशीच आहे.

आकडे कुठून आणायचे

पहिली अडचण जनगणनेतच आली. धर्मवार मुख्य तक्त्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन आणि 'इतर धर्म व पंथ' असे रकाने असतात. पारशी या शेवटच्या रकान्यात जातात. त्यांची वेगळी संख्या परिशिष्टात मिळते, पण राज्य पातळीवर. त्यामुळे २०११ साली देशात ५७,२६४ पारशी होते आणि त्यातले ४४,८५४ महाराष्ट्रात, एवढं ठामपणे सांगता येतं. त्यातले बहुतेक मुंबईत. मराठवाड्याच्या जिल्ह्यांपैकी एखाद्यात किती, हे मुख्य तक्त्यावरून कळत नाही.

अशा ठिकाणी कुटुंबाची स्वतःची कागदपत्रं शोधावी लागतात. फुईंकडे दोन होती. एक, आरामगाहच्या म्हणजे पारशी दफनभूमीच्या ट्रस्टची फाइल. दुसरं, नामग्रहणाची वही. पारशी घरांत मृतांच्या नावांची यादी ठेवतात. पारशी वर्षाच्या शेवटी, साधारण ऑगस्टमध्ये, मृतांच्या स्मरणाचे म्हणजे मुक्तादचे दहा दिवस असतात, तेव्हा आणि इतर क्रियांच्या वेळी मोबेद म्हणजे धर्मगुरू ती नावं उच्चारतात. फुईंची वही शाळेच्या दोनशेपानी वहीसारखी आहे, पुठ्ठ्याला खाकी कागदाचं कव्हर. आधीची पानं वडिलांच्या हातच्या गुजराती अक्षरात, पुढची फुईंच्या. शाईतली नावं ३७ आहेत. अडतिसावं पेन्सिलीने लिहिलेलं आहे. त्याच्याकडे पुढे येईनच.

वहीत मेलेले सापडतात, जिवंत माणसं नाही. ती मोजायला फुईंबरोबर बसून घराण्याचा वृक्ष काढला आणि मग फोनवरून पुणे, मुंबई, बंगळूर असं करत एकेक फांदी तपासली. यात दोन वर्षं गेली. लग्न न झालेल्यांबद्दल विचारताना लोक सहज गप्प होतात, आणि त्या गप्प होण्याला घाई करता येत नाही.

इथे ते आले कसे

पारशी मराठवाड्यात आले ते निजामाच्या राज्यात धंद्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेस्तनजी मेहरजींची पेढी वऱ्हाडातला कापूस मुंबईला नेत होती, निजाम सरकारला कर्ज देत होती आणि औरंगाबादच्या टांकसाळीत पडलेल्या त्यांच्या रुपयांना पेस्तनशाही म्हणत. जालन्याची छावणी आणि पुढे १९०० च्या सुमारास झालेली गोदावरी खोऱ्याची रेल्वे यांच्या मागोमाग छोटे व्यापारीही आले. फुईंचे आजोबा, त्यांचे बपावाजी, जिनिंगच्या कामाला आले आणि मग सरकी, सोडा-बर्फ असं करत स्थिरावले. फुईंच्या आठवणीत १९६० च्या आसपास गावात चार पारशी घरं होती, आणि नवरोजला त्यांच्या एकट्या घरात एकोणीस पानं वाढली जात.

१९४८ नंतर हैदराबाद संस्थान संपलं आणि जुनी कंत्राटं गेली, म्हणून पारशी गेले, असं गावात म्हणतात. माझ्या मते यात थोडंच तथ्य आहे. या कुटुंबाचा धंदा १९८० पर्यंत चालला. माणसं गेली ती वेगळ्या कारणाने.

चार पिढ्या, आणि माझी एक चूक

बपावाजींना सहा मुलं झाली, १९०५ ते १९२२ या काळात. ही पहिली पिढी. एक मुलगी अविवाहित राहिली, बाकी पाचांनी पारशांशी लग्नं केली. या सहांना मिळून चौदा मुलं झाली, ती दुसरी पिढी. फुई यातल्या. चौदांना मिळून तेरा मुलं, तिसरी पिढी; यातले सगळे आज चाळिशीपार आहेत. तेरांना मिळून अकरा, चौथी पिढी.

सहा, चौदा, तेरा, अकरा. ही मालिका पहिल्यांदा कागदावर उतरवली तेव्हा मला हायसं वाटलं. घट आहे, पण फार नाही, असं मी मसुद्यात लिहूनही टाकलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं : 'मुलीकडची नातवंडंही धरलीस ना? मग दर पिढीला आकडा दुप्पट व्हायला हवा.'

हे समजायला मला एक संध्याकाळ लागली, म्हणून इथे सावकाश सांगते. आपण एका जोडप्यापासून खाली मोजत गेलो आणि मुलगे-मुली दोघांचीही संतती धरली, तर प्रत्येक मूल दोन घराण्यांच्या यादीत येतं, आईच्या आणि वडिलांच्या. समाजाची संख्या जैसे थे राहायची तर प्रत्येक माणसाला सरासरी दोन मुलं व्हावी लागतात. म्हणजे अशा यादीत चौदांचे अठ्ठावीस झाले तर समाज जागच्या जागी आहे. चौदांचे चौदा झाले तर तो एका पिढीत अर्धा झाला.

आता तेच आकडे माणशी बघू. पहिल्या पिढीत सहांना चौदा, म्हणजे माणशी २.३. दुसऱ्यात चौदांना तेरा, म्हणजे ०.९ च्या आसपास. तिसऱ्यात तेरांना अकरा, म्हणजे ०.८५. देशभरच्या पारशांचा एकूण जननदरही अभ्यासकांनी एकच्या खालीच काढलेला आहे. एका घराण्याच्या आकड्यांवरून समाजाचा निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे, चौदा माणसांत एक लग्न इकडचं तिकडे झालं तरी सरासरी हलते. पण पडझड कधी झाली ते इथे स्पष्ट दिसतं. ती पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या मध्ये, एकाच टप्प्यात झाली, आणि तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही, कारण घरं अजून भरलेली होती.

देशाच्या आकड्यांतही हेच झालेलं दिसतं. १९४१ मध्ये अखंड हिंदुस्थानात पारशी १,१४,८९० होते. कराचीसारखी शहरं पुढे वेगळी झाली, म्हणून २०११ शी त्याची थेट तुलना करताना जपावं लागतं. पण १९६१ ला, फाळणीनंतरच्या भारतात, ते १,००,७७२ होते आणि पन्नास वर्षांत ५७,२६४ वर आले. २००१ च्या जनगणनेत पारशांमध्ये सहा वर्षांखालची मुलं शंभरात पाचही नव्हती, आणि साठीच्या पुढचे जवळपास एकतृतीयांश होते.

लग्न न झालेले पाच

घटीची चर्चा निघाली की पारशी समाजात आणि बाहेरही पहिला विषय निघतो तो धर्माबाहेरच्या लग्नांचा. म्हणून मी दुसऱ्या पिढीच्या चौदा जणांचं काय झालं ते वेगळं काढलं. सात जणांनी पारशांशी लग्न केलं, त्यांना नऊ मुलं झाली. एका पुरुषाने आणि एका स्त्रीने बाहेर लग्न केलं, दोघांना दोन-दोन मुलं. पाच जणांचं लग्नच झालं नाही. त्या पाचांतले तिघे याच घरातले, म्हणजे फुई, त्यांचे थोरले भाऊ आणि धाकटे भाऊ.

विवाहित नऊ जणांना तेरा मुलं झाली, म्हणजे माणशी १.४. हाच दर त्या पाचांना लावला तर आणखी सात मुलं होतात, आणि पुढच्या पिढीच्या दराने त्या सातांची सहा. म्हणजे अंदाजे तेरा माणसं जन्मालाच आली नाहीत. अंदाज ढोबळ आहे, कारण या पाचांनी लग्न केलंच असतं तर त्यांना इतरांइतकीच मुलं झाली असती, असं मी गृहीत धरलं आहे. तरीही आणखी एक गोष्ट यातून दिसते. चौदाही जणांची लग्नं झाली असती, तरी दर १.४ च्या वर गेला नसता. उशिरा लग्न आणि एक किंवा दोन मुलं, ही दुसरी गळती विवाहितांच्या घरातच होती.

लग्न न होणं हे बाहेरून निवडीसारखं दिसतं. आतून ते कसं घडतं ते फुईंनी सांगितलं तसं देते. त्या तेव्हा इथल्या शाळेत शिक्षिका होत्या.

"पहिलं स्थळ आलं तेव्हा मी तेवीसची. मुलगा मुंबईचा, बँकेत. पप्पा म्हणाले, बी.एड. होऊ दे. दुसरा खूप चांगला होता, पोरी. पण तो त्याच्या आईवडिलांबरोबर आणि दोन भावांबरोबर एका खोलीत राहायचा. बागेत जागा मिळाली की लग्न करू म्हणाला. बाग म्हणजे आमची कॉलनी. नंबर लागला होता त्याचा. सहा वर्षं पत्रं आली. मग पत्रं कमी झाली. तिसरं आलं तेव्हा मी चौतीसची, पप्पांना अर्धांग झालेलं. त्यांना सोडून कशी जाणार?"

मी विचारलं, "फुई, इथलं कोणी नव्हतं का?"

"इथले आम्ही चार घरं, सगळे एकमेकांचे काकाच. कामून विचारतेस?"

या तीन स्थळांत मला या समाजाची सगळी यंत्रणा दिसते. गावात चार घरं असली की जोडीदार गावात मिळतच नाही, म्हणून लग्न म्हणजेच स्थलांतर. मुंबईत पारशी ट्रस्टांच्या स्वस्त वसाहती आहेत, पण त्यांच्या रांगेत उभं राहण्यात लग्नाचं वय निघून जातं. शिक्षणाला आधी जागा मिळते, मुलींनाही, आणि याचा या समाजाला रास्त अभिमान आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळायला मात्र एक-दोनच हात असतात, कारण भावंडं कमी. एका पिढीत मुलं कमी झाली की पुढच्या पिढीत म्हाताऱ्यांचं ओझं त्या मोजक्यांवर पडतं आणि त्यांचं लग्न आणखी लांबतं. ही शेवटची कडी फुईंच्या घरात तिघांना लागू पडली.

केंद्र सरकारची 'जियो पारसी' योजना २०१३ मध्ये सुरू झाली. वंध्यत्वाच्या उपचारांना मदत हा तिचा मुख्य भाग. पुढे घरातल्या वृद्धांच्या आणि लहान मुलांच्या देखभालीसाठी मदतही तिच्यात आली. तिच्यामुळे चारशेहून अधिक बाळं जन्मली, आणि एवढ्याशा समाजात हा आकडा छोटा नाही. पण उपचाराचा उपयोग लग्न झालेल्यांना. मला त्यातला वृद्धांच्या देखभालीचा भाग महत्त्वाचा वाटतो. फुईंच्या तिसऱ्या स्थळाच्या वेळी वडिलांजवळ बसायला पगारी माणूस असता, तर कदाचित हे प्रकरण वेगळं लिहावं लागलं असतं.

एक कुटुंब, तीन याद्या

आता बाहेरच्या लग्नांकडे. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयाने पेटिट विरुद्ध जीजीभाई या खटल्यात पारशी कोण, याची जी व्याख्या सांगितली ती आजही ट्रस्टांच्या व्यवहारात चालते. इराणातून आलेल्या मूळ पारशांचे वंशज, इराणातून नंतर आलेले झरतुष्ट्री, आणि पारशी बापाची परधर्मीय बायकोपासून झालेली, रीतसर नवजोत म्हणजे धर्मदीक्षा झालेली मुलं. पारशी आईची परधर्मीय नवऱ्यापासून झालेली मुलं त्यात नाहीत.

फुईंच्या घराण्याला हा नियम लावला की मालिका बदलते. दुसऱ्या पिढीत ज्या भावाने बाहेर लग्न केलं त्याची दोन मुलं यादीत राहतात, ज्या बहिणीने केलं तिची दोन जातात. तिसरी पिढी तेराऐवजी अकरा. या अकरांतले चार अविवाहित, तिघांनी पारशांशी लग्न केलं आणि चौघांनी बाहेर, दोन पुरुष, दोन स्त्रिया. चौथी पिढी अकराऐवजी पाच. म्हणजे नियमाने दोन पिढ्यांत आठ माणसं यादीबाहेर गेली.

आठ आणि तेरा हे आकडे शेजारी ठेवून बघावेत असं मला वाटतं. वाद होतो तो आठांवर, कारण ती माणसं डोळ्यांसमोर आहेत, त्यांना अगियारीच्या दारात थांबावं लागतं, त्यांचं दुःख दिसतं. जन्माला न आलेल्या तेरांसाठी कोणी भांडत नाही. पण उलट टोकालाही जाऊ नये. तिसऱ्या पिढीत नऊ लग्नांपैकी सहा बाहेर झाली (नियमाने बाद झालेल्या बहिणीच्या दोन्ही मुलांची धरून). म्हणजे पुढच्या पिढीसाठी नियमाचा वाटा वाढत जाणार. जो वाद पूर्वी कडेला होता तो आता मधोमध आला आहे.

यादी मात्र एकच नाही. जनगणनेत माणूस सांगेल तो धर्म लिहिला जातो. अंजुमनच्या, म्हणजे स्थानिक पारशी संस्थेच्या, यादीत बापावरून ठरतं. आणि घराची तिसरी यादी असते. चौथ्या पिढीतल्या, पारशी बाप असलेल्या एका मुलाची नवजोत झालेली नाही, तो सदरा-कस्ती म्हणजे पवित्र सदरा आणि कमरेचा लोकरी गोफ घालत नाही, तरी अंजुमनच्या दृष्टीने त्याला दार उघडं आहे. फुईंच्या बहिणीची पुण्यातली मुलगी लहानपणापासून मावशीकडून अशेम वोहू ही प्रार्थना शिकली, तिला ते आजही पाठ आहे, आणि तिला दार बंद आहे.

ती बहीण २०१८ मध्ये गेली. वहीतलं पेन्सिलीचं नाव तिचं आहे.

मुक्तादसाठी मोबेद आता इथे येत नाहीत. फुई वहीच्या पानांची झेरॉक्स आणि पैसे दुसऱ्या शहरातल्या अगियारीत पाठवतात, तिथे नावं वाचली जातात. बहिणीचं नाव शाईने लिहायला धाकट्या भावाची हरकत होती, तिचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली परधर्मीयाशी झालं होतं म्हणून. हा प्रश्न त्यांच्या घरापुरता नाही. वलसाडच्या गुलरुख गुप्ता यांच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लग्नानंतर बाईचा धर्म नवऱ्याच्या धर्मात विलीन होतो असं धरलं. सर्वोच्च न्यायालयात २०१७ मध्ये तिथल्या ट्रस्टने त्यांना आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ द्यायचं मान्य केलं. फुईंनी त्यांच्यापुरता मार्ग काढला. पेन्सिल झेरॉक्समध्ये नीट उमटत नाही, त्यामुळे अगियारीत ३७ नावं वाचली जातात. घरी दिवा लावून, डोक्याला रुमाल बांधून फुई स्वतः वाचतात तेव्हा ३८.

माणसं कमी पडली की काय थांबतं

श्रद्धा एकट्याने टिकवता येते. कस्ती दिवसातून कितीदा सोडून बांधायची, लोबान कधी फिरवायचा, याला दुसरं कोणी लागत नाही. फुईंच्या उंबऱ्यावर रोज सकाळी चुन्याचे मासे आणि फुलं उमटतात, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीने. त्या डब्या दिवाळीत आमच्या अख्ख्या गल्लीत फिरतात, त्यामुळे आमच्याकडे लक्ष्मीपूजनालाही पारशी मासे असतात. भाषा मात्र गेली. दोघं भावंडं आपसात मराठीच बोलतात, गुजराती फक्त वहीत आणि प्रार्थनेच्या पुस्तकात उरली.

थांबतात त्या ठरावीक संख्येने माणसं लागणाऱ्या गोष्टी. हे मी २०११ मध्ये थोरल्या भावाच्या वेळी पाहिलं. ते रात्री गेले. अंत्यक्रियेच्या गेह-सारणाला, म्हणजे गाथांच्या पाठाला, दोन मोबेद लागतात आणि सगळा विधी दिवसाउजेडी उरकावा लागतो. खांदेकरी जोडीने चालतात, मागून येणारेही दोघं-दोघं, मध्ये पांढरा रुमाल धरून, त्याला पैवंद म्हणतात. स्नान आणि वस्त्रं झाल्यावर परधर्मीयाने चेहरा बघायचा नसतो. आम्ही सगळी गल्ली अंगणात होतो, मदतीला पन्नास हात होते, आणि त्यातला एकही चालणार नव्हता.

मोबेद एकच मिळाले, तेही दुपारी साडेतीनला पोचले. मुंबईहून निघालेले चुलतभाऊ वाटेत अडकले. आत पारशी पुरुष दोनच, धाकटे भाऊ आणि मोबेद. सूर्य खाली जात होता. शेवटी मोबेदांनी ठरवलं. एकटा माणूस असला तर कुत्र्याला जोडीदार धरायची जुनी तरतूद आहे, सगदीदसाठी, म्हणजे मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याच्या विधीसाठी, आणलेला कुत्रा होताच, त्याची दोरी त्यांनी हाताला बांधली आणि पाठ पूर्ण केला. आरामगाहपर्यंत पेटी नेली ती गल्लीतल्या आठ पोरांनी, झाकण लावल्यावर. धाकट्या भावाच्या मनाला ते अजून लागून आहे. फुई म्हणतात, "देवाने पोरं पाठवली, मी नाही कशी म्हणू?"

एकाच विधीबद्दल एकाच घरातल्या दोघांची ही दोन मतं. ओळख टिकवणं म्हणजे नियम जसाच्या तसा ठेवणं, की तो पार पाडता येईल एवढा वाकवणं, याचं उत्तर ते दोघं वेगळं देतात, आणि दोघंही मनापासून.

आरामगाहची फाइल

ट्रस्टची फाइल मी शेवटी उघडली, खरं तर आधी उघडायला हवी होती. आरामगाहची जमीन पाऊण एकर, पूर्वी गावाबाहेर, आता बायपासला लागून. ट्रस्ट धर्मादाय कार्यालयात नोंदलेला. घटनेप्रमाणे पाच विश्वस्त, सगळे 'गावात राहणारे पारशी'. एकेक विश्वस्त वारला तसा चेंज रिपोर्ट द्यायला हवा होता, कायद्याने नव्वद दिवसांत. १९९७ नंतर एकही दिला गेलेला नाही. कागदावर पाच विश्वस्त आहेत, त्यातले तिघं त्याच जमिनीत पुरलेले आहेत.

यातून काय बिघडतं ते बाहेरच्याला चटकन कळत नाही. नोंदीवरचे विश्वस्त हयात नसले की बँक खातं चालवता येत नाही, कुंपणाचं बिल देता येत नाही, अतिक्रमण झालं तर दावा कोणी लावायचा हा प्रश्न येतो. दक्षिणेच्या बाजूला दोन टपऱ्या उभ्या राहिल्याच आहेत. जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, एवढं एक संरक्षण आहे. पण फुई आणि त्यांच्या भावानंतर घटनेत बसेल असा एकही विश्वस्त मिळणार नाही, आणि रिकाम्या ट्रस्टची जमीन फार दिवस रिकामी राहत नाही.

मार्ग आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५० अ खाली धर्मादाय आयुक्त ट्रस्टच्या कारभाराची योजना बदलून देऊ शकतात किंवा एक ट्रस्ट दुसऱ्यात विलीन करू शकतात. फुईंच्या वकिलांनी दोन मसुदे केले आहेत. पहिल्यात 'गावात राहणारे' हे शब्द काढून हा ट्रस्ट मोठ्या शहरातल्या एखाद्या अंजुमनला जोडायचा. अट कायम राहते, पण देखभाल तीनशे-चारशे किलोमीटरवरून होणार. दुसऱ्यात 'पारशी' या शब्दापुढे 'अथवा येथे दफन झालेल्या व्यक्तींचे वंशज' अशी भर घालायची. म्हणजे पुण्यातली भाची विश्वस्त होऊ शकेल. मुंबईच्या भावाच्या दोन मुलांना विचारून झालं आहे, दोघंही परदेशात आहेत. सगळ्या घराण्यात दर दोन महिन्यांनी इथे येऊन गवत काढून घेणारी, टपरीवाल्यांशी बोलणारी ती एकटीच आहे.

मी भाचीला विचारलं की जिथे तुला विधीला आत घेत नाहीत तिथली जबाबदारी तू का घेतेस. ती म्हणाली, "माझे आजी-आजोबा आहेत तिथे. ममईजींच्या मांडीवर झोपलेय मी."

दुसऱ्या मसुद्यावर दोघा हयात विश्वस्तांच्या सह्या लागतात. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा कागद जेवणाच्या टेबलावर होते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर चुन्याची डबी ठेवलेली. फुईंची सही झाली होती, गुजरातीत. शेजारची जागा मोकळी होती. धाकटे भाऊ आत होते, नेहमीप्रमाणे मला "ये, बस" म्हणाले, पण बाहेर आले नाहीत. फुईंनी चहा ओतला आणि पुढची तारीख पंचवीसची आहे म्हणाल्या.